एक साल तुमचं, एक साल आमचं

मंगरूनं पंचांसमोर शब्द देऊन टाकला. पण शब्द द्यायचा होता कासमभाऊनं.

कारध्याच्या पुढल्या एका गावात दर उन्हाळ्यात तलावात मोठं जाळं पडायचं. त्याआधी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, तलावमाय देवीला नारळ फुटायचा. जाळ्याच्या दोराला ज्याचा हात लागणार, त्यानं मायपुढं वाकायचं, कपाळाला कुंकू लावून घ्यायचं. कासम शेख डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, दुरुस्त करायचा आणि दोर ओढायलाही सगळ्यात पुढं. पूजा होईपर्यंत तो लांब बसायचा, आटोपली की उठून दोर धरायचा. कोणी काही म्हणत नव्हतं.

पण गेल्या साली जाळं ओढताना बुधराम गाळात अडकून बुडाला. तेव्हापासून मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष टेकचंद म्हणू लागला, एक माणूस वाकत नाही म्हणून माय रुसली. कासम वाकंल तरच दोर.

तेव्हा कासमसोबत दोर ओढणाऱ्या मंगरूनं तोड काढली. "एक साल कासमभाऊ मायपुढं वाकंल. दुसऱ्या साली आपण सारे त्याच्या मशिदीत डोकं टेकू. झालं बराबर."

पंचांना पटलं. टेकचंद हसला, "मले बी टोपी आणून ठेव म्हणा त्याले."

मंगरू खुशीत निघाला. तो स्वतः दर्ग्यावर चादर चढवायचा, मायला कोंबडा द्यायचा. वाकल्यानं माणसाचं काय जातं?

कासम डोंग्याच्या फटीत डांबर भरत होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग डांबराचा डबा खाली ठेवला.

"मंगरू, मले इचारलं काहून नाही?"

"अरे, नाही म्हणण्यासारखं हाये काय त्यात? मी बी तर येऊन राहिलो ना तुया नमाजाले!"

"हेच तर मक्क्यात झालं होतं."

"कुठं?"

"मक्क्यात. पैगंबरसाहेबाच्या टायमाले. तिथले मोठे मोठे लोक त्यायच्याकडं आले. म्हणले, एक साल तू आमच्या देवायले पूज, एक साल आमी तुया अल्लाले पूजतो. सारी ताकत त्यायच्याच हातात होती. तवा कुराणातली ही सूरत उतरली." कासम खाली बसला, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणू लागला. 'या'वर आवाज लांबवला, मग एकसारखा म्हणत गेला.

"कुल या अय्युहल काफिरून. ला आबुदु मा ताबुदून. व ला अन्तुम आबिदूना मा आबुद. व ला अना आबिदुम मा अबद्तुम. व ला अन्तुम आबिदूना मा आबुद. लकुम दीनुकुम व लिय दीन."

मंगरूचं तोंड उतरलं. "काफिर म्हणतेस मले? टेकचंद म्हणे, तुमच्या कुराणात आमाले शिव्या हायेत."

"शिवी नाही बाबू. न मानणारे, असा अर्थ. अल्लानं पैगंबरसाहेबाले त्या लोकायले सांगाले लावलं, तुमी ज्याले पूजता त्याले मी पूजत नाही. मी ज्याले पूजतो त्याले तुमी पूजणारे नाही. मंग तेच पुन्हा."

"पुन्हा कायले?"

"मौलवीसाहेब सांगत, एक डाव आत्तासाठी, एक डाव पुढच्यासाठी. कोणी म्हणते, पक्कं कराले. रोज पहाटे फजरच्या सुन्नत नमाजात म्हणतो मी हे, पहिल्या रकातीत, म्हंजे पहिल्याच फेरीत. आता सकाळी हे म्हणू आन दुपारी मायपुढं वाकू?"

"आन शेवटचं काय ते?"

"तुमाले तुमचा धरम, मले माया."

मंगरू चिडलाच. "म्हंजे माया नमाज बी नोको तुले!"

"तुया मनात नसन तं नोको. मायासाठी खोटं डोकं टेकू नोको. मी बी तुयासाठी खोटा वाकणार नाही. सारं त्या शेवटच्या ओळीतच हाये."

मंगरू तसाच परत गेला. पंचांपुढं उभं राहून म्हणाला, "मी चुकलो. त्याले न इचारता बोललो." टेकचंदचं हसू गेलं. "मंग दोराले हात नाही त्याचा."

बुधरामची माय जमुनाबाई कोपऱ्यात बसली होती. "कासमनंच माया पोराले गाळातून काढलं," ती म्हणाली. पंच खाली मान घालून बसले, पण टेकचंदचा शब्द त्यांनी मोडला नाही.

पूजेच्या दिवशी मंगरू पाळीवर गेलाच नाही. कासमच्या डोंग्यापाशी जाऊन बसला.

"इथं काय करून राहिला?"

"तू नाही तं मी बी नाही."

"उठ." कासमचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "तुयी माय हाये ते. तू मानतो ना तिले? जा, वाक. मायासाठी तिले सोडलंस, तं मी काय म्हणलो ते तुले समजलंच नाही."

मंगरू उठला. मायपुढं वाकला, कुंकू लावलं, दोर धरला. कासम ज्या जागी उभा राहायचा ती जागा रिकामीच होती. टेकचंदनं ती भरायला दोघांना खुणावलं, पण तिथं कोणी सरकलं नाही.

जाळं जड लागत होतं. मंगरू दात आवळून ओढत राहिला.