शेकडा दोनच्या आत

आनंदरावांना घरी जायचं होतं. दिवसभर भोरातले खरखरणारे रेडिओ उघडून डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात उत्रोलीचा मानसिंग आपला ऑसिलेटर घेऊन दुकानात शिरला. लढाईत सिग्नल खात्यात राहून आलेला गडी, पेटी स्वतः बांधलेली. तबकडीवर आकडा लावावा, सेकंदाला तेवढ्या फेऱ्यांची गोल नाहीतर चौकोनी लाट बाहेर. वर पट्टी ठोकलेली : फेऱ्यांत चूक शेकडा दोनच्या आत, व्होल्टात पाचच्या आत. पुण्याच्या कॉलेजला पेटी हवी होती, पण आनंदरावांनी तपासून सही दिली तरच.

"लई वेळ न्हाई लागायचा, राव."

"असं म्हणणारा माणूस रात्रीपर्यंत हलत नाही."

पुढ्यात लढाईतला जुना ऑसिलोस्कोप होता, हिरव्या काचेवर लाट दाखवणारा. आधी मीटरनं मोजलेले दहा व्होल्ट दिले. लाट वीस घरं उंच. मग पेटीला सहाशे ओहमचा भार जोडून ती दहा व्होल्टांवर लावली. साडेएकोणीस घरं, म्हणजे अडीच टक्के कमी.

"व्होल्ट पास," आनंदराव जांभई देत म्हणाले.

फेऱ्या मोजायला ते नेहमी गावच्या विजेचाच आधार घेत. काचेच्या आडव्या बाजूला वीज, उभ्या बाजूला पेटी; दोन्हींच्या फेऱ्या सारख्या असल्या की काचेवरचं वेटोळं गप्प उभं राहतं. विजेच्या फेऱ्या पन्नास. तबकडी पन्नासावर लावली तर वेटोळं लोळत सुटलं. अठ्ठेचाळीसवर आली, तेव्हा ते थांबलं.

"चार टक्के. नापास."

"राव, येवढी मेहनत मातीत घालताय?"

"मी काय करू? वेटोळं बोलतंय."

तेवढ्यात शेजारची भाताची गिरणी बंद झाली. दिवा उजळला, आणि कुणीही हात न लावता वेटोळं पुन्हा लोळू लागलं. आनंदरावांची जांभई अर्ध्यातच राहिली. गिरणी चालू असली की वीजघराचं इंजिन दमतं, फेऱ्या कमी पडतात. इतकी वर्षं आपण या दमलेल्या इंजिनावर मापं घेत आलो!

"बघा! चोर सापडला!" मानसिंग नाचायचाच बाकी होता. "करा सही!"

"दम धर."

त्यांनी शाळेकडून आणलेला नादकाटा काढला, आपटला की नेमक्या दोनशे छप्पन फेऱ्यांनी वाजणारा. काटा टेबलावर आपटून मायक्रोफोनपुढं धरला, त्याची लाट विजेच्या जागी आडव्या बाजूला दिली. काटा विझत गेला की पुन्हा आपटायचा. तबकडी दोनशे छप्पनवर, वेटोळं लोळतंय. दोनशे त्रेसष्टवर गप्प.



"पावणेतीन टक्के," आनंदराव हळूच म्हणाले. "इंजिन चोर खरं. पण तूही साव नाहीस."

"पाऊण टक्क्यासाठी, राव? पुण्याला कोण बघतंय?"

"पट्टीवर दोन तूच लिहिलंस. मी सही देत नाही."

मानसिंगनं खुर्ची ओढली, खिशातून पेचकस काढला आणि पेटीचं झाकण उघडलं.

"मग बसा. आत एक बारका कंडेन्सर हाय, तो फिरवून फेऱ्या जुळवतो. तुमी काटा आपटत ऱ्हा."

आनंदरावांनी टोपीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि काटा उचलला.