पाण्यात पसरलेला मध

सत्यशीलानं दिलेल्या मधाचा थेंब राजकुमारशेठनं पाण्यात सोडला आणि तो तळाशी जाईपर्यंत धाग्याधाग्यानं पसरला.

"बघा, साखर!" गिऱ्हाईक म्हणून आलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. "शुद्ध मध तळाशी गोळा होऊन बसतो. टीव्हीवर दाखवतात की!"

सत्यशीलानं बाटल्यांची पिशवी जवळ ओढली. पिशोरजवळच्या कांद्याच्या बीजोत्पादनाच्या शेतात तिच्या मधमाश्यांच्या तीस पेट्या होत्या. औरंगपुऱ्यातल्या शेठच्या आयुर्वेदिक दुकानात वीस बाटल्या विकायला घेऊन ती एसटीनं आली होती. हा व्हिडिओ एकदा फिरला तर तिच्या मधाला कोण हात लावणार?

"बाई, मध तुझाच का दुसऱ्याचा?" शेठनं विचारलं.

"माझाच. साखरेचा कण नाय." मग तिची नजर फळीवरच्या काकवीच्या बाटलीवर गेली. "शेठ, ही काकवी पाण्यात टाकून बघा."

"काकवी कशाला?"

"टाका तर खरं."

शेठनं नवा ग्लास भरून काकवीचा थेंब सोडला. तो गोळीसारखा तळाशी जाऊन बसला, जराही हलला नाही.

"आता हिला मध म्हणायचं का? घट्ट असतं ते बसतं, पातळ असतं ते पसरतं. दाट पाकही असाच बसंल. ग्लासातून भेसळ कळत नाय, ताई."

वच्छलाबाईंनी मोबाइल खाली घेतला. पण शेठ हुशार होता. "मग तुझा पातळ का?"

ऊन लई होतं, बाटल्या तापल्या होत्या, एवढं सांगून सत्यशीलाला सुटता आलं असतं. पण खरं कारण तिला ठाऊक होतं.

"शेतवाल्यानं औषधाची फवारणी ठरवली होती. माश्या मरतील म्हणून रातोरात पेट्या हलवल्या. हलवताना पोळी फुटतील म्हणून आधी मध काढला. माश्यांनी पोळ्यातल्या घरांची तोंडं अजून मेणानं बंद केली नव्हती, मध पिकला नव्हता. त्यात पाणी जास्त राहिलं असणार."

शेठनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "एक बाटली ठेव, पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवतो. तोवर माल घेणार नाय."

"आणि ताई, तुमचा व्हिडिओ?" सत्यशीलानं विचारलं.

"रिपोर्ट येईस्तोवर कुणाला पाठवत नाय," वच्छलाबाई ओशाळून म्हणाल्या.

सतरा दिवस सत्यशीलाला धड जेवण गेलं नाही. अठराव्या दिवशी शेठचा फोन आला.

"साखर-बिखर काही मिसळलेलं नाय. पण ओलावा बावीस टक्क्यांवर आहे, वीसच चालतो. हा मध आंबंल."

तिला रडू आलं, आणि त्यात हसूही मिसळलं. "व्हय शेठ, तो नका घेऊ. एकही बाटली विकत नाय. माश्यांनाच खाऊ घालते."

"पुढचा कधी?"

"मेण बसल्यावर. एक दिवस आधी नाय."

"आण मग. पहिली बाटली वच्छलाबाईंनी सांगून ठेवलीय."