आधी चाल, मग लेखन

क्लबात त्याला सगळे अर्धेकाका म्हणत. पेशाने तो पुस्तकांचा बाइंडर, पण बुद्धिबळात जिंकायच्या फंदात न पडता बरोबरीचा अर्धा गुण पदरात पाडून घेण्यात त्याचा हातखंडा होता. तीस वर्षं अशी रखडत काढल्यावर या स्पर्धेच्या शेवटच्या, नवव्या फेरीपर्यंत त्याचे चार गुण झाले होते. साडेचार झाले की ‘मास्टर’ ही पदवी मिळणार होती. डोळ्यांचा पडदा निकामी होतोय, पुढच्या वर्षी पट दिसेलच असं नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं होतं. म्हणजे हा डाव शेवटचाच.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती, बायको बाहेर बाकावर बसली होती. सकाळी तिने विचारलं होतं, स्टेलमेट म्हणजे नक्की काय? राजाला शह नाही, पण आपल्याला एकही नियमात बसणारी चाल उरलेली नाही, की डाव तिथेच बरोबरीत संपतो, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, “मारतही नाहीत आणि हलूही देत नाहीत. तीस वर्षं आमचं तेच चाललंय, आम्हाला कुठे अर्धा गुण मिळाला?” दोघंही हसले होते.

समोर पांढऱ्या सोंगट्या घेऊन दातांचे डॉक्टर बसले होते. एकाहत्तराव्या चालीला काकाने त्यांचं शेवटचं प्यादं मारलं आणि कागदावर ७१ भोवती गोल काढला. आता त्यांच्याकडे हत्ती आणि उंट, काकाकडे नुसता हत्ती. पटावर हलवायला प्यादंच उरलं नव्हतं, आणि दोघांच्या पन्नास-पन्नास चाली काही न मारता गेल्या की बरोबरी मागता येणार होती. एकशे एकविसावी चाल कागदावर लिहून पंचांना दाखवायची, एवढंच. एकदा तर त्याने हत्ती शह देत डॉक्टरांच्या राजापुढे टाकला. मारला असता तर स्टेलमेटच. पण डॉक्टर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, त्यांनी राजा बाजूला घेतला.

डॉक्टरांच्या सत्त्याण्णवाव्या चालीनंतर त्याला आणखी एक वाट दिसली. हत्ती एक घर मागे घेतला की आधी दोनदा आलेली स्थिती तिसऱ्यांदा येत होती. तीच घरं, चाल करायची पाळी पुन्हा डॉक्टरांचीच, आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. त्याने कागदावर बोट फिरवून दोनदा खात्री केली. त्यात चूक नव्हती.

त्याने हत्ती उचलला, मागच्या घरात ठेवला, पेन हातात घेतलं आणि पंचबाईंना खूण केली.

पंचबाई जवळ आल्या. पट पाहिला, कागद पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

“काका, चाल खेळून झाली तुमची,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ती नुसती कागदावर लिहायची, पटाला हात लावायचा नाही, आणि मला सांगायचं. आता पाळी त्यांची आहे. बरोबरी मागायची तर त्यांनी मागायची.”

डॉक्टर कशाला मागतील? ते घड्याळाकडे बघत होते.

हे काकाला ठाऊक नव्हतं असं नाही. क्लबात नव्या लोकांना हा नियम तोच शिकवायचा. पण चाल आधी लिहून मग खेळायची त्याची जुनी खोड होती, आणि ते नियमात बसत नाही म्हणून तिसऱ्या फेरीत याच पंचबाईंनी त्याला चारचौघांत ताकीद दिली होती. ती त्याला फार लागली. तेव्हापासून तो प्रत्येक चालीला मनात घोकत होता, आधी चाल, मग लेखन. सहा फेऱ्यांत हात असा वळणावर आला की जिथे आधी लिहायलाच हवं, त्या एकाच जागी तो मुकाट्याने खेळून मोकळा झाला. त्याला स्वतःच्या हाताची किळस आली.

डॉक्टरांनी उंट वेगळ्याच घरी नेला. ती स्थिती परत आली नाही. काका गोल केलेल्या ७१ पासून चाली मोजत राहिला, पण लक्ष कुठलं लागतंय! एकशे एकोणिसाव्या चालीला मात झाली. अजून दोन चाली खेळून तिसरी लिहिली असती तर बरोबरी होती.

त्याने सही केली. पंचबाई कागद घेताना थांबल्या.

“तिसऱ्यांदाच आली होती, काका. मला दिसत होतं. पण मला बोलता येत नाही.”

“तुम्ही बरोबरच केलंत,” तो म्हणाला.

हॉल रिकामा झाला, सोंगट्या डब्यात गेल्या, तरी तो खुर्चीवरच होता. शेवटी बायको आत आली. तिने त्याची पिशवी उचलली.

“चला,” ती म्हणाली.

“उठवत नाहीये गं,” तो म्हणाला.

ती शेजारच्या खुर्चीवर बसली. सकाळचं स्टेलमेटचं बोलणं दोघांनाही आठवलं, पण या वेळी कोणी हसलं नाही.