डोक्याला पाणी लावायचं नाही

शकुनचे केस एकोणिसाव्या वर्षीच पांढरे व्हायला लागले, तेव्हा आमच्या घरात कुणी मेल्यासारखी कुजबुज सुरू झाली. मी तिची आत्या, गोदाबाई. भावाच्या मळ्यात शेवंती लावते, अमरावतीच्या बाजारात हार विकते, आणि मला कुजबुज सोसत नाही. पांढरे तर पांढरे. मोगऱ्याला कुणी काळा रंग देतं का?

पण माझी भावजय जमुना शकुनची आई होती आणि मी नव्हते. दिवाळीत तिनं बाजारातून काळ्या खिजाबाची पुडी आणली आणि मेंदीत कालवून पोरीच्या डोक्याला थापली. केस झाले काळेभोर. दोन दिवस पोर कानामागं खाजवत बसली, तर जमुना म्हणाली, "नवा रंग हाये, चढून राहिला."

मग माघात चांदूर बाजारहून निरोप आला. किसनराव म्हणून बरे बागायतदार, मुलासाठी शकुनला पाहायला येणार होते. तोवर केसांच्या मुळाशी पांढरी रेघ पुन्हा दिसायला लागली होती. ज्या दिवशी पाहुणे यायचे त्याच दिवशी सकाळी जमुनानं दुसरी पुडी फोडली, लेप थापला, वर एरंडाची पानं ठेवून फडकं करकचून बांधलं. मी फुलं देऊन दुपारी परत आले, तर शकुन ओट्यावर बसून भिंतीला डोकं घासत होती.

"आत्या, आग होऊन राहिली वो. मायले सांग, सोड म्हणा हे."

तिचं कपाळ सुजून पुढं आलं होतं. पापण्या फुगलेल्या, कान लालभडक. आणि दारात शेजारची पार्वताबाई कडुनिंबाचा डहाळा खोचत होती. गावात कुणाला कधी काय झालं हे तिलाच आधी कळायचं, म्हणून तिच्या शब्दाला वजन.

"माता आली हाये पोट्टीले," ती म्हणाली. "डोक्याले पाणी लावायचं नाई. फोडणी देऊ नका. पाच दिवस आंघोळ नाई."

जमुना हात जोडून उभी. माता, म्हणजे देवी-कांजिण्या, आली की अंगावर पाणी घ्यायचं नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. त्यामुळं तो लेप शकुनच्या डोक्यावर तसाच, आणि वर फडकं. माझं डोकंच फिरलं.

मी शकुनच्या पोटाला हात लावला. अंग थंड. चोळीची बाही वर करून पाहिली, पाठ पाहिली. कुठं एक फोड नाही. सूज होती ती केसांच्या कडेकडेनं कपाळावर, कानामागं, आणि मानेवर जिथं लेपाचा ओघळ उतरला होता तिथं एक लाल पट्टा.

"पार्वताबाई, माता काय आखणी करून येते? जिथं खिजाब तिथंच? अन् ताप घरी ठेवून येते?"

"गोदे, तोंड सांभाळ. कोप होईन."

"होऊ दे. माह्यावर होऊ दे."

मी शकुनचा दंड धरला आणि विहिरीवर नेलं. नत्थुजी, माझा भाऊ, मोट हाकत होता. थारोळ्यात गार पाणी पडत होतं. पोरीला दगडावर बसवून मान मागं टाकायला लावली, डोळे मिटायला सांगितले, म्हणजे रंग डोळ्यांत उतरू नये. मग तांब्यामागून तांब्या. काळं पाणी पाटातून वांग्यांकडं गेलं. आंघोळीचा साबण हलक्या हातानं लावला, नख लावू दिलं नाही, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत ओतत राहिले. मागं पार्वताबाई शिव्याशाप देत होती. जमुना हळद-लिंबू घेऊन धावत आली. ते मी तिच्या हातातून काढून बांधावर फेकलं. सोललेल्या चामडीवर लिंबू पिळतात का?

धुतल्यावर आग जरा कमी झाली. गार पाण्यात बुडवलेलं जुनं धोतर कपाळावर ठेवलं, गरम झालं की पुन्हा भिजवलं. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात शकुन म्हणाली, "आत्या, ओठ जड झाले." आवाज तिचा नव्हताच, घोगरा झाला होता. खालचा ओठ डोळ्यांदेखत फुगत होता.

तेव्हा मात्र मी ताडकन उठले. खाज सोसता येते, श्वास कसा सोसायचा?

"नत्थू, मोट सोड. बैल दमणीला जुंप. सरकारी दवाखान्यात."

"पाव्हणे येऊन राहिले वो बाई!" जमुना रडायला लागली.

"येऊ दे. पोट्टी राह्यली तं पाव्हणे."

शकुनला मी दमणीत माझ्या छातीला टेकवून बसवलं, आडवं होऊ दिलं नाही. जमुनाही मागं चढून बसली. आमची गाडवाट दोन कुंपणांमधली, एकच गाडी जाईल एवढी. निम्म्यावर आलो आणि समोरून पाहुण्यांची गाडी आली. पुढं फेटेवाले किसनराव, मागं त्यांची बायको जयवंताबाई, कपाळापर्यंत पदर.

"काय झालं पोरीले?" किसनरावांनी विचारलं. "माता तं नाई?"

जमुना घाईनं बोलली, "नाई जी, गांधीलमाशी चावली."

शकुननं डोक्यावरचं ओलं फडकं ओढून काढलं. सुजलेलं कपाळ, चिरेएवढे डोळे, आणि केसांच्या कडेनं कपाळावर उतरलेला काळा रंग. प्रत्येक शब्दाला दम घेत ती म्हणाली,

"माशी नाई. खिजाब. माहे केस पांढरे हायेत. तुमाले दिसू नये म्हणून लावला. आता गाडी बाजूले घ्या. मले दम लागून राहिला."

किसनराव उडी मारून उतरले, जू धरलं, कुंपण मोडून स्वतःची गाडी सरळ हरभऱ्यात घातली. त्या माणसाबद्दल मला तिथंच आदर वाटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच सुई टोचली. तासाभरानं आवाज मोकळा झाला, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. पांढऱ्या कोटातल्या त्या माणसानं जमुनाला समोर बसवून सांगितलं: पहिल्या वेळी अंग या रंगाला ओळखतं, दुसऱ्या वेळी चवताळतं. तिसरी वेळ येऊ द्यायची नाही. खाज आली की लगेच धुवायचं, गार फडकी ठेवायची, खाजवायचं नाही. पू झाला, ताप आला, तर परत आणायचं. आणि ओठ, जीभ सुजली किंवा दम लागला तर एक घटकाही थांबायचं नाही. जमुना मान खाली घालून ऐकत होती. पोर वाचली होती, एवढं बस होतं.

तीन आठवड्यांनी किसनराव बायकोला घेऊन पुन्हा आले, न बोलावता. शकुन बाहेर आली ती उघड्या डोक्यानं. काळे केस तिनं स्वतः कात्रीनं उडवले होते, राहिले ते बोटभर, निम्मे पांढरे. जमुनानं पदर घे म्हणून खुणावलं. पोरीनं पाहिलंच नाही.

पुरुष मळा बघायला गेले. जयवंताबाई मात्र उठल्या नाहीत. पदराआड हात घालून सारख्या कानामागं खाजवत होत्या. शेवटी हळूच शकुनकडं सरकल्या.

"पोरी, दवाखान्यात काय म्हणले वो तुले? मी बी लावतो. इकडं यायचं म्हणून आज पहाटंच लावला, घाईत धड धुतला नाई."

पदर सरला. केसांच्या कडेनं कपाळ लाल होऊन फुगलं होतं. शकुननं त्यांची हनुवटी धरून ओठ पाहिले. "जीभ काढा. दम लागते काय?"

"नाई. नुसती खाज."

तिनं कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि होणाऱ्या सासूला हात देऊन उठवलं.

"मंग चला विहिरीवर. आदी डोकं धुवा, सोयरिकीचं मंग बोलू."