वरच्या बाजूचं सील

चहा-कॉफीच्या त्या कंपनीत तक्रारींचे फोटो तपासायचं काम तिच्याकडे होतं. गिऱ्हाइकांनी, दुकानदारांनी, कंपनीच्या फिरत्या तपासनिसाने पाठवलेले पाकिटांचे फोटो स्क्रीनवर मोठे करून पाहायचे आणि माल खरा की बनावट ते सांगायचं. ऑफिसात तिला ‘भिंग’ म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे; उलट घरी कुणी चष्मा शोधू लागलं की तीच म्हणायची, ‘भिंगाला विचारा.’

बनावट पाकिटं बहुधा छपाईतच उघडी पडत. लाल रंग जागचा हललेला असे, अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ डोकावे. पण तेवढ्यावर ती कधी शिक्का मारत नसे, कारण खऱ्या छापखान्यातही रंग केसभर सरकतो. मग ती त्याच बॅचचा ऑफिसात जपून ठेवलेला नमुना काढून शेजारी धरायची. बॅचचा शिक्काही बोलका असतो. खरा शिक्का पाकीट भरताना बारीक ठिपक्यांनी उठतो, त्यामुळे तो दर पाकिटावर थोडा वर, थोडा खाली बसतो. चार पाकिटांवर शिक्का अगदी त्याच जागी आणि त्याच डागासकट दिसला, की समजायचं, तो चित्राबरोबरच छापलाय.

त्या सोमवारी तपासनिसाने तीन दुकानांतल्या भारी चहाच्या पाकिटांचे फोटो पाठवले. तक्रार गंभीर होती. एका गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईला हा चहा पिऊन उलट्या झाल्या होत्या, आणि पत्ती थंड पाण्यात टाकल्याबरोबर रंग उतरला होता. चांगली पत्ती थंड पाण्यात अशी घाई करत नाही.

तिने आधी छपाई पाहिली. बिनचूक होती. शिक्के ठिपक्यांचे, दर पाकिटावर वेगळ्या जागी. खालचं सीलही कारखान्याचंच, आडव्या बारीक रेघांचा रुंद पट्टा. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि आपलाच माल खराब निघाला की काय, असं त्यांनी विचारलं. ती पाकिटांच्या वरच्या बाजूकडे पाहत होती.

वरचं सील रेघांचं नव्हतं. ती एक अरुंद, सपाट पट्टी होती, हाताच्या मशीनवर दाबून केलेली. आणि नावावरची सोनेरी किनार पाकिटाच्या तोंडाच्या फारच जवळ आली होती. म्हणजे रिकामी झालेली खरी पाकिटं कुणीतरी गोळा करत होतं, तोंड कापून सरळ करत होतं, आणि भलतीच पत्ती भरून पुन्हा चिकटवत होतं.

आणखी एक गोष्ट होती. तिन्ही दुकानांतल्या पाकिटांवर, त्या पट्टीत डाव्या टोकाजवळ, नखाएवढी चंद्रकोर चिकटायची राहिली होती. अशा मशीनच्या खालच्या रबराला खाच पडली की तिथे दाब बसत नाही, आणि मग ते मशीन दर पाकिटावर आपली खूण सोडतं. तिने साहेबांना सांगितलं, हे सगळं एकाच मशीनवरचं काम आहे. साहेबांना हायसं वाटलं.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने पिशवीतून भाजलेल्या दाण्यांची पुडी काढली. आदल्या दिवशी ताईकडे गेली होती, तिने घरी भाजून प्लॅस्टिकमध्ये बंद करून दिलेली. फोडायला बोटं टोकाशी गेली आणि तिथेच थांबली. सीलच्या डाव्या टोकाजवळ चंद्रकोर होती.

तिने पुडी तशीच परत पिशवीत ठेवली. शेजारच्या बाईने दाणे मागितले, तर म्हणाली, खवट निघालेत.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिची वेणी घालून देणारी, हिच्या परीक्षेला केंद्राबाहेर उन्हात बसून राहणारी. भाऊजींच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ते बिछान्यालाच खिळून होते. ताई घरबसल्या पॅकिंगचं काम करते, एवढंच हिला ठाऊक होतं. कसलं पॅकिंग, ते कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ती सरळ ताईकडे गेली. आतल्या खोलीत भाऊजी पडून रेडिओ ऐकत होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर, एरवी कुणी येणार असलं की चादरीखाली झाकलेलं असणारं मशीन आज उघडं होतं, शेजारी खोक्यात रिकाम्या पाकिटांची चळत. तिने मोबाइलवरचे फोटो आणि दाण्यांची पुडी ताईसमोर ठेवली. फार बोलावं लागलं नाही.

ताईने सांगितलं की एक व्यापारी पाकिटं आणि पत्ती आणून देतो आणि भरलेला माल घेऊन जातो. वाहतुकीत फुटलेली पाकिटं आहेत, नुसती पुन्हा भरायची, असं तो म्हणाला होता.

“फुटलेली पाकिटं कात्रीने कापल्यासारखी सरळ कशी असतील, ताई?”

ताई पदराशी चाळा करत राहिली. “पहिल्याच दिवशी कळलं होतं मला,” ती म्हणाली. “म्हटलं, भारी नाही तर साधी, पत्ती ती पत्तीच. कुणाचं काय बिघडतंय?” मग हळूच म्हणाली, “तू हे फोटो पाहिलेच नाहीस, असं नाही का होणार?”

“पाहिलेत गं. साहेबांना अर्धं सांगूनही झालंय.”

तिने स्वयंपाकघरातून काचेच्या पेल्यात थंड पाणी आणलं आणि टेबलावरच्या पिशवीतली चिमूटभर पत्ती वरून सोडली. पत्ती बुडायच्या आधीच तिच्याखाली तांबड्या रेघा उतरू लागल्या. बघता बघता पेला विटेच्या रंगाचा झाला. वापरलेली पत्ती वाळवून रंगवली की असं होतं, तिने सांगितलं.

ताई पेल्याकडे पाहत राहिली.

“भरताना सांडते ना, ती मी बाजूला ठेवते,” ती म्हणाली. “ह्यांना तोच चहा देते रोज. दोन वेळा.”

आतून भाऊजींनी कोण आलंय म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना उरलेलं अर्धं सांगितलं. मशीन कुणाचं ते सांगितलं, बहीण सख्खी असल्याचंही सांगितलं, आणि या तक्रारीचा अहवाल दुसऱ्या कुणी लिहावा अशी विनंती केली. साहेबांनी तक्रार दुसऱ्याकडे सोपवली आणि अन्नभेसळ खात्याच्या अधिकाऱ्यांना कळवलं. तिला वाटलं होतं, ताईला अधिकाऱ्यांकडे न्यायला पाय धरावे लागतील. पण ताई आपणहून आली, धुतलेली साडी नेसून, जणू कुणाच्या घरी भेटायला निघाली आहे. तिने व्यापाऱ्याच्या गोदामाचा पत्ता दिला, माल कुठल्या गाडीतून येतो ते सांगितलं. स्वतःला वाचवणारं एकही वाक्य ती बोलली नाही. गोदामात रंगाची पिंपं सापडली, हॉटेलांमधून आणलेल्या वापरलेल्या पत्तीचे ढीग सापडले. व्यापाऱ्याला पकडलं. मशीन जप्त झालं, आणि आरोपींत ताईचंही नाव लागलं. कबुली दिली म्हणून नाव गळेल, असं वकील म्हणतात. खात्रीने मात्र सांगत नाहीत.

भाऊजींच्या तपासण्या झाल्या. पोटाला त्रास होता, जिवाला धोका नव्हता. त्यांना राग आला तो ताईचा नाही, हिचा. घरचं माणूस बाहेर उघडं पाडलं, हे त्यांच्या मनातून जाईना. ही आली की ते भिंतीकडे तोंड करून पडत.

पहिल्या सुनावणीला दोघी बहिणी बाकावर शेजारी बसल्या. पुढची तारीख मिळाली आणि त्या बाहेर आल्या. रस्ता ओलांडताना ताईने सवयीने हिचा हात धरला, लहानपणी धरायची तसा मनगटाला घट्ट, आणि पलीकडे गेल्यावर सोडलाही नाही.

“हे तुझ्याशी इतक्यात बोलायचे नाहीत,” ताई म्हणाली. “मीही रागावले नाहीये असं नाही. रात्र रात्र झोप लागत नाही मला.”

“मग येऊ नको का मी?”

“ये,” ताई म्हणाली. “रविवारी ये. येताना त्यांची औषधं घेऊन ये, मला एकटीला दुकानात जायला लाज वाटते अजून.”