चौदावं वर्ष

"दर वेळी शेवटचं, शेवटचं म्हणता आणि मला इथे बसवून ठेवता. माझी मशीनं काय तुमच्या राजाची वाट बघत गंजणार आहेत?" छापखानेवाली पुटपुटली. पुटपुटली म्हणायचं एवढंच. दफ्तरखान्याच्या त्या खोलीत कपाटांनाही ऐकू गेलं असतं.

"दोनच पानं राहिलीत गं," संपादिका म्हणाली. चष्मा काढून तिने डोळे चोळले. दोन पानं खरीच होती. एक राजाने दिलेल्या कालवा खणायच्या सनदेचं आणि दुसरं प्रस्तावनेचं. प्रस्तावना तिच्या नवऱ्याने लिहिली होती आणि खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या. 'गेली सव्वीस वर्षे आम्ही दोघांनी अखंड सोबत केलेले हे काम,' असं पहिलंच वाक्य. सकाळपासून पेन तिथे जाई आणि परत फिरे.

नवरा समोरच्याच टेबलाशी होता. तीन वर्षांपूर्वी परतल्यावर त्याला हीच जुनी जागा मिळाली. कुणी काही विचारलं नाही. चहावाल्यानेसुद्धा जुन्या सवयीने बिनसाखरेचा कप पुढे केला. फक्त लेक फोनवर अजून "ते आहेत का घरी?" असं विचारी, आणि आई "आहेत" म्हणून विषय बदली.

"अहो, या सनदेचं साल चुकलंय," ती म्हणाली.

"कसं चुकेल? सनदेत लिहिलंय, राजाच्या कारकिर्दीचं चौदावं वर्ष, सोळा फेब्रुवारी, गुरुवार. राजा गादीवर बसला सोळाशे बासष्टच्या मे महिन्यात. तेच पहिलं वर्ष धरायचं, म्हणजे बासष्टात तेराच मिळवायचे. चौदावं सुरू झालं पंचाहत्तरच्या मेमध्ये, त्यातला फेब्रुवारी शहात्तरचा. बेरीज मला तूच शिकवलीस की!"

"बेरीज बरोबर आहे. सुरुवात चुकली. त्या वर्षी सोळा तारखेला बुधवार येतो."

"कारकुनाची डुलकी."

"आणि कागदाच्या बाहेरच्या घडीवर सोळाशे चौसष्ट लिहिलंय, तीही डुलकी? किती झोपायचा हो हा माणूस?"

छापखानेवाली फस्सकन हसली. नवऱ्याने कागद ओढून घेतला.

संपादिका थकल्या आवाजात सांगू लागली. आवाज थकलेला असला की तिचं बोलणं फार स्वच्छ होई. "राजाचा बाप मारला गेला सोळाशे एक्कावन्नच्या ऑक्टोबरात. मुलगा पळाला. मधे दुसऱ्यांनीच कारभार केला. हा परत आला, गादीवर बसला आणि हुकूम सोडला की माझी वर्षं बाप गेला त्या दिवसापासून मोजा. म्हणून त्याच्या दरबारात पहिलं वर्ष असा कागदच सापडत नाही. आला तेव्हाच अकरावं चालू होतं."

"म्हणजे एक्कावन्नमध्ये तेरा..." तो बोटांवर मोजू लागला. "चौदावं वर्ष चौसष्टच्या ऑक्टोबरपासून. त्यातला फेब्रुवारी पासष्टचा. मग घडीवर चौसष्ट का?"

"तेव्हा साल मार्चअखेर बदलायचं. जानेवारी, फेब्रुवारीला जुनाच आकडा चालू. आपण त्यात एक मिळवायचा. पासष्टला सोळा तारखेला गुरुवार येतो, पडताळून बघा. आणि जुनी दिनगणना दहा दिवस मागे होती, म्हणून आजच्या हिशेबात सव्वीस फेब्रुवारी."

त्याने पडताळलं. गुरुवारच आला. मान न उचलता त्याने शहात्तर खोडून पासष्ट केलं. तरी कागद त्याच्या हातातच राहिला.

"जो इथे नव्हताच, त्याच्या नावावर एवढी वर्षं मांडली," तो म्हणाला. "लोकांनी चालवून घेतलं?"

"दमलेली असतात हो माणसं. कुणी तरी आलं, दार उघडलं, चूल पेटती राहिली, की मोजायला कोण बसतं? पण आपल्यासारख्याने मोजलंच पाहिजे. नाही तर कालवाच भलत्या वर्षात खणला जातो."

छापखानेवालीने एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. बराच वेळ तिला ते सापडेना.

संपादिकेने प्रस्तावनेचं पान पुढे ओढलं. पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. नाही म्हणायचं त्राण नव्हतं. हो म्हणायचं तर त्याहून नव्हतं. सही केली तर ते वाक्य पुस्तकात बसणार, उद्या लेक ते वाचणार, आणि ती काही बोलणार नाही. त्या घरात कुणीच बोलत नव्हतं.

"दे इकडे," नवरा म्हणाला.

त्याने पान घेतलं. 'अखंड' खोडलं. मग 'आम्ही दोघांनी' खोडलं, आणि तिथे तिचं एकटीचं नाव लिहिलं. पेन खाली ठेवून तो तिच्याकडे बघत म्हणाला,

"यातली नऊ वर्षं मी नव्हतो. तुला आणि पोरीला टाकून गेलो होतो मी."