शांत माणसाची नाडी

हरिभाऊंना आपल्या नाडीचा भारी अभिमान. सकाळी उठलं की दोन बोटं मनगटावर ठेवायची, घड्याळाकडे बघत मोजायचं आणि चहा गाळणाऱ्या अलकाताईंना आकडा ऐकवायचा, हा त्यांचा अलीकडचा नेम. "पंचावन्न! खेळाडूंची असते अशी. मुळात स्वभावच शांत ना आपला." आता बासष्ट वर्षांच्या, सरकारी कंपनीत रडारच्या आराखड्यांत डोकं घालून नोकरी संपवलेल्या आणि कॅरमपलीकडे कुठलाही खेळ न खेळलेल्या माणसाची नाडी खेळाडूसारखी कशी, हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता. पण नवरा खुशीत आहे म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय!

अलकाताईंना वेगळीच काळजी होती. कानडी मुलखात, विद्यारण्यपुरात त्यांचं घर; तिथून भाजीच्या दुकानापर्यंत थोडासा चढ आहे. पूर्वी हरिभाऊ तो चढ गप्पा मारत चढायचे. आता मध्येच थांबत, कुणाच्या तरी फाटकापाशी उभं राहून जास्वंदीची चौकशी करत. ज्या माणसाला जन्मात तुळस आणि सब्जा वेगळा ओळखता आला नाही, त्याला अचानक जास्वंदीत काय गोडी लागली? अलकाताई काय दूधखुळ्या होत्या! त्यांना कळत होतं, माणूस दमतोय आणि कबूल करत नाहीये. दोन महिने मागे लागल्या, एकदा रडल्या, शेवटी "मी एकटी जाऊन बसते हॉस्पिटलात" अशी धमकी दिली, तेव्हा कुठे स्वारी ट्रेडमिल टेस्टला तयार झाली.

टेस्ट झाली आणि हरिभाऊ घाम पुसत बाहेर आले ते विजयी मुद्रेनं. "बघितलंस? पट्टा उभा केला त्यांनी, नुसता डोंगर! माझे पाय भरून आले म्हणून थांबलो, पण नाडी? अठ्ठ्याण्णव! शंभरीसुद्धा गाठली नाही. आतल्या टेक्निशियननं, कल्लाप्पानं तर दोनदा वायरी चाचपून बघितल्या, बिचाऱ्याचा विश्वासच बसेना."

"अठ्ठ्याण्णव म्हणजे चांगलं?"

"अगं, लोकांची धडधड धडधड होते. आपलं कसं, संथ."

डॉक्टरांच्या खोलीत मात्र हे कौतुक टिकलं नाही. डॉक्टर प्रणिता बेळगावकडच्या. मराठी बोलणारं जोडपं आलं म्हणून त्या आधी खुलल्या, मग रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. रिपोर्टच्या तळाशी लिहिलं होतं, 'क्रोनोट्रॉपिक इनकॉम्पिटन्स'.

"इनकॉम्पिटन्स?" हरिभाऊ ताठ झाले. "मॅडम, चौतीस वर्षं नोकरी केली. माझ्याबद्दल हा शब्द कुणी लिहिला नाही."

"तुमच्याबद्दल नाही हो काका, नाडीबद्दल आहे," डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "बघा, माणूस चढायला लागला की पायांना जास्त रक्त लागतं. ते पुरवायला हृदयाचे ठोके वाढायला पाहिजेत. तुमच्या वयाला निदान एकशे चौतीसपर्यंत तरी जायला हवे होते. तुमचे अठ्ठ्याण्णववर अडले. पाय मागतायत आणि हृदय देत नाही, म्हणून दमताय तुम्ही. ब्लॉकेजची खूण दिसली नाही, पण नाडी वर गेलीच नाही, त्यामुळं ब्लॉकेज नाहीच असंही छातीठोक सांगता येत नाही मला."

हरिभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या गोष्टीचा वर्षभर तोरा मिरवला, तोच आजार निघावा!

"गोळ्या कुठल्या घेताय? ब्लड प्रेशरच्या? ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लॉल' येतं, तसल्या? त्या नाडी दाबून धरतात."

"एकही गोळी नाही," हरिभाऊ म्हणाले. "क्रोसिनसुद्धा नाही."

"खरंच नाही घेत हो," अलकाताईंनीही साक्ष दिली.

डॉक्टरांनी पेन टेबलावर टेकवलं. "मग हृदयात ठोके सुरू करणारी जी जागा असते, ती थकली असेल. उद्या या, चोवीस तासांचं मशीन लावू, रक्त तपासू. तसं निघालं तर पेसमेकरचा विचार करावा लागेल. घाबरू नका, आजकाल साधी गोष्ट आहे ती."

डॉक्टर लोक 'घाबरू नका' म्हणतात तेव्हाच माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. घरी परतताना रिक्षावाल्यानं वळणावर कानडीत "स्वल्प मुंदे?", थोडं पुढे घेऊ का, म्हणून विचारलं, तर हरिभाऊ नुसते मान हलवत राहिले आणि रिक्षा घर सोडून पार पुढच्या चौकात गेली. अलकाताईंच्या डोळ्यांसमोर ऑपरेशनचं टेबल, छातीवरचं कापलेलं कातडं, त्यात बसवलेली डबी. थकलेली जागा म्हणे! आज ती थकली, उद्या झोपली तर? या माणसाशिवाय घरात एक संध्याकाळ कशी काढायची, हे त्यांना माहीत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि त्या नेहमीप्रमाणे हरिभाऊंच्या डोळ्यांत थेंब घालायला बसल्या. दीड वर्षापूर्वी डोळ्यांचं प्रेशर वाढलंय, काचबिंदूची सुरुवात आहे असं कळलं, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हे काम त्यांचं. हरिभाऊंना स्वतःला जमायचं नाही. बाटली दिसली की डोळे घट्ट मिटायचे, लहान पोरासारखे. निम्मं औषध गालावर. म्हणून अलकाताई एकाच्या जागी तीन थेंब घालत. सांडलं तरी एक तरी आत जाईल, डोळ्याच्या बाबतीत कंजुषी नको.

"घाल लवकर. घशात कडू उतरतं ते वेगळंच," हरिभाऊ मान मागे टाकून म्हणाले.

अलकाताईंनी बाटली उलटी धरली. एवढे दिवस रोज हातात असलेली बाटली. आज तिच्यावरचं नाव डोळ्यांपुढे आलं आणि त्यांचा हात हवेतच थांबला. टिमोलॉल.

"अहो," त्यांनी बाटली हरिभाऊंपुढे धरली. "याच्या शेवटी 'लॉल' आहे."

"कशाच्या?"

"तुमच्या थेंबांच्या!"

हरिभाऊंनी एक डोळा उघडला. "अगं, ते डोळ्याचं औषध. हृदयाशी काय संबंध? गोळी थोडीच आहे?"

तेच तर! गोळी नाही म्हणूनच दोघांच्याही मनात आलं नव्हतं. औषध म्हणजे जे पाण्याबरोबर गिळायचं ते. थेंब म्हणजे काजळासारखं, वरच्यावर. पण अलकाताईंना आता काही सुचेना. घालावेत तर हृदयाची भीती, न घालावेत तर डोळ्याची. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच. तीन-तीन थेंब घातले कुणी? त्यांनीच ना! बाटली बाजूला ठेवून त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला, निरोप ठेवला, आणि डॉक्टर प्रणितांचा उलट फोन येईपर्यंत घरभर येरझाऱ्या घातल्या.

"थेंब?" डॉक्टर पलीकडून जवळजवळ ओरडल्याच. "काकू, अहो हे सांगायचं की! माझीच चूक, मी गोळ्या एवढंच विचारलं. डोळ्यांचं औषध नाकात उतरतं, तिथून थेट रक्तात. गोळी लिव्हरमधून जाते, बरीचशी तिथंच खर्ची पडते. याला तसली अडवणूकच नाही."

"म्हणून घशात कडू लागतं?"

"होय की, त्याच वाटेनं."

अलकाताईंनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. "डॉक्टर, मी त्यांना एकाच्या जागी तीन घालत होते. दोन्ही वेळा. सांडतात म्हणून. मीच त्यांचं हृदय दाबून धरलं हो."

डॉक्टर मऊ आवाजात म्हणाल्या, "काकू, रडू नका. निम्मे लोक असंच करतात. डोळ्यात एकाच थेंबाची जागा असते, उरलेलं नाकाकडे जातं. आज एकच थेंब घाला आणि घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरा. एकदम बंद करू नका, डोळ्याचं प्रेशर चढेल. डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी बोलते, दुसरं औषध देतील. उद्याचं मशीन तूर्त राहू दे. ते लागू झालं की पुन्हा पळवू काकांना. नाडी वर गेली, तर पेसमेकरचं नावसुद्धा काढायचं नाही."

"आणि नाही गेली तर?"

"तर पुढचं पुढं बघू. पण मला वाटतंय, जाईल."

हरिभाऊ हे सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर अलकाताई त्यांच्याकडे बघेनात. चांगली संधी होती, हरिभाऊ तशी सोडणाऱ्यातले नव्हते. "म्हणजे इनकॉम्पिटंट कोण निघालं?" ते म्हणाले. अलकाताई रडता रडता हसल्या आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

दुसरे थेंब आले, रात्री एकदाच घालायचे. पहिले बंद झाले. पुढचे तीन आठवडे अलकाताईंनी कसे काढले त्यांचं त्यांना ठाऊक. सकाळचा आकडा आता त्याच विचारत. साठ. चौसष्ट. एकदा अडुसष्ट झाली तर हरिभाऊ खट्टू झाले, आणि अलकाताईंनी खुशीत त्यांना गोडाचा शिरा खायला घातला. पण बसल्या जागी वाढून काय उपयोग, चढावर वाढायला हवी. ते ट्रेडमिलवरच कळणार होतं.

या वेळी अलकाताईंनी आत उभं राहायची परवानगी मागून घेतली. कल्लाप्पानं छातीवर वायरी चिकटवल्या, "सरी सार, स्टार्ट" म्हणाला आणि पट्टा फिरू लागला. अलकाताईंची नजर पडद्यावर. ऐंशी. ब्याण्णव. पट्टा चढला, वेग वाढला. अठ्ठ्याण्णव आलं आणि अलकाताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. आकडा तिथं घुटमळला, त्यांना वाटलं संपलं सगळं. मग शंभर झाले. एकशे आठ. एकशे एकोणीस. हरिभाऊंचा चेहरा लाल, श्वास जोरात, पण पाय पडतायत, न थांबता पडतायत. एकशे तीस. डॉक्टर प्रणिता पुढे झाल्या. एकशे चौतीस. एकशे एक्केचाळीस.

"बास काका, बास! छान झालं, ब्लॉकेजचीही खूण नाही."

"अजून... थोडं..." हरिभाऊ धापा टाकत म्हणाले. त्यांना थांबायचंच नव्हतं.

पट्टा हळू झाला, थांबला. हरिभाऊ पलंगावर आडवे झाले, अंगावरून घामाच्या धारा. अलकाताई जवळ गेल्या आणि कोण बघतंय, कोण नाही याचा विचार न करता त्यांनी वायरींच्या मधून वाट काढत आपला तळवा त्यांच्या छातीवर ठेवला. आत नुसता दणदणाट चालला होता.

"किती धडधडतंय हो!" त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"त्रास होतोय का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, नाही," अलकाताई म्हणाल्या. "धडधडू दे."

हरिभाऊंना बोलण्याइतका दम अजून परत मिळाला नव्हता. कल्लाप्पा वायरी काढायला आला, तरी अलकाताईंनी हात काढला नाही, आणि तो बिचारा त्यांच्या हाताच्या बाजूबाजूनंच एकेक वायर सोडवत राहिला.